लावणीतला दुसरा अर्थ आणि सिरोंच्याचा श्रोता



दिवाळी आटोपली, धान कापणीला आले, की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरू लागते आणि रात्री नाटकाचा मांडव पडतो. नाटक देसाईगंज-वडशाकडच्या मंडळींचे असो की गावातल्या पोरांनी बसवलेले असो, मध्ये एखादी लावणी हवीच. असाच एक खेळ सिरोंचा तालुक्यातल्या एका गावी मी पाहिला. माझ्या शेजारी त्याच गावचे एक वयस्क शेतकरी बसले होते. घरची बोली तेलुगू, बाजारापुरती मराठी. रंगमंचावरची बाई काही बोलली आणि पुढच्या ओळीत एकदम हशा पिकला. त्यांनी मला कोपराने ढोसले आणि विचारले, “काय म्हणाली, गुरुजी?”

मी सांगितले, “पाऊस आला, म्हणाली.”

ते जरा थांबले. मग म्हणाले, “यात हसायचे काय आहे?”

मला उत्तर देता आले नाही. मग मी धीर करून बोलण्याचा दुसरा अर्थ त्यांच्या कानात सांगितला. तो ऐकून तर ते आणखीच गंभीर झाले. “असे चारचौघांत म्हणाली?” एवढेच बोलले आणि मान फिरवून बसले. पहिला अर्थ सांगितला तेव्हा त्यांना ते बोलणे बेचव वाटले. दुसरा सांगितला तेव्हा ते असभ्य वाटले. बाई जे बोलली होती ते बेचवही नव्हते आणि असभ्यही नव्हते. मग ते माझ्या हातून निसटले कुठे? आज आपण तेवढीच एक गोष्ट नीट पाहू.

पण आधी सिरोंच्यात असा श्रोता आला कुठून, ते ध्यानात घ्या. हे गाव प्राणहितेच्या काठी, ती गोदावरीला मिळते तिथे वसलेले आहे. पलीकडे काळेश्वराचे देऊळ दिसते आणि तिथून तेलंगण लागते. हा मुलूख निजामाकडे होता. १८६० साली तो इंग्रजांकडे आला, आणि सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. १८७४ साली तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडले गेले. पुढे १९५६ साली विदर्भाबरोबर ते मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आले, आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा त्यात गेले. सरकारे बदलली, ठाणी बदलली. चूल मात्र बदलली नाही. चुलीपाशी तेलुगू, जंगलाच्या बाजूला गोंडी आणि माडिया, आणि कचेरीत व शाळेत मराठी, अशी इथली रीत पडली. तेव्हा आपल्याच राज्यात राहून, आपल्याच मांडवात बसून लावणीतला हशा न कळणारा माणूस इथे परका नाही. तो घरचाच आहे.

आता लावणीकडे वळू. पेशवाईच्या उत्तरकाळात रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांनी लावणीला भर आणला. यातल्या बऱ्याच लावण्या बाईच्या तोंडी आहेत. लिहिणारे मात्र पुरुष. पुढे संगीतबारीत आणि तमाशात बाई स्वतः उभी राहून त्या गाऊ लागली. समोर बसलेली मंडळी परकी, पैसे टाकणारी, काही प्यायलेली. त्यांच्यासमोर बाईला प्रेमाचे, रुसव्याचे, क्वचित देहाचेही बोलायचे आहे, आणि बोलून आपला आब राखायचा आहे. म्हणून ती असे शब्द वापरते की त्यांचा एक अर्थ अगदी घरगुती असतो. कोणी बोट दाखवलेच तर ती म्हणते, “अहो, मी तर पावसाचं बोलले! तुमच्या मनात काय आलं?” लाज मग बोलणाऱ्याची राहत नाही, ऐकणाऱ्याची होते. हसू येते ते यावर. दुसरा अर्थ तिने सांगितलेला नसतो, आपण तो मनात आणलेला असतो आणि ती आपल्याला पकडते.

हे जुन्या लावणीतली ओळ घेऊन दाखवण्यापेक्षा साध्या बोलण्यातून दाखवतो. समजा, गवळण-बतावणीच्या ढंगाने एक बाई सोंगाड्याला म्हणते:

“काल सांजच्याला अवचित आला, दाजी. दिवा लावायला लावला, दार लावायला लावलं, आणि पहाटे चटका लावून निघून गेला.”

सोंगाड्या डोळे मोठे करून विचारतो, “कोण गं?”

ती म्हणते, “पाऊस की वो!”

मराठी माणसाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. आभाळ दाटले, अंधार झाला, म्हणून दिवा लावावा लागला. वावधान सुटले म्हणून दार लावले. पहाटे पाऊस उघडला आणि शेतकऱ्याच्या जिवाला चटका लागला, कारण रोवणा अजून व्हायचा आहे. शब्दन् शब्द पावसाला लागू पडतो. आणि शब्दन् शब्द अवचित आलेल्या सख्यालाही लागू पडतो. आता हेच तेलुगूत सांगू पाहा. पहिल्याच पावलाला ठेच लागते.

बाईने “आला” म्हटले. कोण आला ते म्हटले नाही. मराठीत कर्ता गाळला तरी चालते, कारण क्रियापद त्याचे लिंग सांगते. पण मराठीत लिंग निर्जीव वस्तूलाही आहे. पाऊस तो, वारा तो, चंद्र तो, आणि सखाही तो. म्हणून नुसते “आला” म्हटले की चौघेही दारात उभे राहतात. तेलुगूत असे नाही. तिथे एकवचनात पुरुषाचे क्रियापद वेगळे, आणि बाई, जनावर, वस्तू या सगळ्यांचे मिळून एक. पाऊस आला तर ‘वच्चिंदि’. पुरुष आला तर पुस्तकी भाषेत ‘वच्चाडु’, तेलंगणच्या आणि आपल्या सिरोंच्याकडच्या बोलीत ‘वच्चिंडु’. आपल्याला ‘वच्चिंदि’ आणि ‘वच्चिंडु’ सारखेच वाटतील. तेलुगू कानाला ते दिवस आणि रात्र यांइतके निराळे आहेत.

म्हणजे भाषांतर करणाऱ्याला पहिल्याच क्रियापदाला फैसला करावा लागतो. ‘वच्चिंदि’ म्हटले तर पुरुष बाहेर राहिला आणि उरला पावसाचा वृत्तांत. ‘वच्चिंडु’ म्हटले तर पाऊस गेला आणि उरली चावडीवरची कुजबूज. मी त्या रात्री नेमके हेच केले होते. आधी पहिले सांगितले, मग दुसरे. बाईने दोन्ही एका दमात सांगितले होते, आणि सारी गंमत त्या एका दमात होती. गोंडी आणि माडियाचीही तऱ्हा याच बाबतीत तेलुगूसारखी आहे, पुरुष एका बाजूला आणि बाकी सारे दुसऱ्या बाजूला. म्हणून जंगलाकडच्या श्रोत्यालाही तीच अडचण पडते. हिंदी बोलणाऱ्याला मात्र थोडी वाट मोकळी आहे. त्याच्याकडे बारिश बाई आहे खरी, पण बादल पुरुष आहे, तेव्हा तो ‘आया’ म्हणून वेळ मारून नेईल.

दुसरी ठेच ‘लावणे’ या क्रियापदाची. आपण दिवा लावतो, दार लावतो, कुंकू लावतो, रोप लावतो, जीव लावतो, चटका लावतो, कुणाला कामाला लावतो, कुणाला नादी लावतो. इतकी कामे करणारे दुसरे क्रियापद शोधून काढावे लागेल. शिवाय ‘लावायला लावला’ असे ते स्वतःच्याच पाठीवर बसते. बाई एकामागून एक तेच क्रियापद आणते तेव्हा ऐकणाऱ्याला आधीच कळते की हे कुठे तरी निसटणार आहे. दिव्याला लावले, दाराला लावले, आता कशाला? आणि चटक्यावर येऊन ती थांबते. हे हळूहळू चढत जाणे ही लावणीची खरी नजाकत. तेलुगूत दिवा ‘मुट्टिंचतात’ किंवा ‘वेलिगिंचतात’, दार ‘वेसतात’, कुंकवाचा टिळा ‘पेट्टतात’, रोप ‘नाटतात’. मी मुद्दाम मराठी शेपट्या जोडून सांगितले, म्हणजे फरक ध्यानात येईल. एका माळेतले मणी चार डब्यांत पडले. मणी सगळे आहेत. दोरा मात्र तुटला.

इथे मराठी माणसानेही फार ऐट मिरवू नये. खुद्द ‘लावणी’ हा शब्द घ्या. कोकणात आणि घाटावर भाताची लावणी करतात, म्हणून गाण्यात त्या शब्दावर खेळ करता येतो. आपल्या झाडीपट्टीत धानाचा ‘रोवणा’ असतो. तेव्हा लावणी या शब्दावरची शेतातली कोटी नागभीडच्या किंवा ब्रह्मपुरीच्या मराठी शेतकऱ्यालाही क्षणभर उमगणार नाही. अडचण भाषेचीच असते असे नाही. कधी ती बांधावरच्या बोलीचीही असते.

यावरून कोणी म्हणेल, तेलुगू माणसाला दुहेरी अर्थाचा कान नाही. हे साफ चूक आहे. सोळाव्या शतकात पिंगळी सूरनाने ‘राघवपांडवीयमु’ नावाचे तेलुगू काव्य रचले. तेच श्लोक एका रीतीने वाचले तर रामायण, दुसऱ्या रीतीने वाचले तर महाभारत. अशा काव्याला तिकडे ‘द्व्यर्थी’ म्हणतात आणि त्याचा मोठा मान आहे. म्हणजे कान आहे, आणि चांगला तयार कान आहे. पण तो खेळ पंडिताचा आहे आणि बराचसा संस्कृत शब्दांवर चालतो. संस्कृत शब्द मराठीतही आहेत, तेलुगूतही आहेत, म्हणून तो नदी ओलांडून येऊ शकतो. रामजोशी स्वतः संस्कृत शिकलेले. त्यांच्या रचनेतला शब्दश्लेष तेलुगू जाणकाराला समजावणे त्यामानाने सोपे जाईल. अवघड आहे ती फडावरची लावणी, कारण तिचा खेळ ‘आला’, ‘गेला’, ‘लावला’ अशा रोजच्या शब्दांवर आणि त्यांच्या शेपट्यांवर चालतो. मोठे शब्द प्रवास करतात. शेपट्या घरीच राहतात.

आता आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. मी त्याच शेजाऱ्यांना नंतर विचारले, “तुमच्यात अशी थट्टा कशी करतात?” ते हसून म्हणाले, “आमचा माणूस बायकोची वाट पाहत असला आणि गाडीचीही वाट पाहत असला, तर म्हणेल, अजून नाही आली. मग मित्र विचारतील, कोण?” पाहा, तेलुगूत बाई आणि गाडी यांचे क्रियापद एक, म्हणून तिथे दोन अर्थ उभे राहतात, पण ते पुरुषाच्या तोंडून, बाईबद्दल. लावणीत बोलणारी बाई आहे आणि लपवायचा आहे पुरुष. तेलुगूच्या व्याकरणात पुरुषाला लपायला जागाच नाही. तो कुठेही गेला तरी त्याची शेपटी बाहेर दिसते. म्हणून नुसता शब्द बदलून भागत नाही. थट्टा तिकडे न्यायची तर बोलणाराच बदलावा लागतो. आणि बोलणारा बदलला की ती लावणी राहत नाही.

असे पूर्वीही घडलेले दिसते. एकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तिथे मराठ्यांची गादी होती. त्यांच्याबरोबर लावणी तमिळ मुलखात गेली आणि तिथे रुजली. आजही तंजावरच्या बाजूला कामदहनाच्या सणाला तमिळ लावणी गातात. डफ तोच आहे, तुणतुणे तेच आहे, दोन पक्षांचा सवाल-जवाबही आपल्या कलगी-तुऱ्यासारखा आहे. एक पक्ष म्हणतो, शंकराने मदनाला जाळले. दुसरा म्हणतो, मदन जळालाच नाही. म्हणजे वाद्य गेले, चाल गेली, वादाची रीत गेली. पण तिथली लावणी मुख्यतः वादाची लावणी झाली, मराठी शब्दांवर चालणाऱ्या नखऱ्याची राहिली नाही. जे भाषेच्या बाहेर होते ते तगले. जे क्रियापदाच्या शेवटी लटकलेले होते ते वाटेत गळाले.

मग सिरोंच्याच्या श्रोत्यापर्यंत काहीच पोचत नाही का? पोचते. आपल्या वाक्यातला ‘दाजी’ पोचतो. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, आणि मेहुणीने त्याची थट्टा करायची ही आपल्याकडची मोकळीक. तेलुगूत ‘बाव’ म्हणजे थोरल्या बहिणीचा नवराही आणि मामाचा किंवा आत्याचा मोठा मुलगाही, ज्याच्याशी लग्न होऊ शकते. म्हणून ‘बाव’ म्हटल्याबरोबर तेलुगू माणसाच्या चेहऱ्यावर हसू येते. ते नाते त्याला आपल्याहूनही गोड आहे. तेव्हा शिक्षकाने समजावताना शब्दापासून सुरुवात करू नये, नात्यापासून करावी. आधी सांगावे, “ती बावला बोलते आहे.” निम्मे काम तिथेच होते.

पुढचे निम्मे काम असे करावे. पावसाचा अर्थ अगोदर पुरा सांगावा, दिवा, दार, चटका यांसकट, घाई न करता. मग सांगावे की मराठीत पाऊसही पुरुष आहे, आणि बाईने नाव घेतलेले नाही. एवढे सांगून गप्प बसावे. दुसरा अर्थ आपण उच्चारू नये. ऐकणाऱ्याला तो स्वतःच्या मनात सापडू द्यावा, कारण लावणीची अटच ती आहे. साधले की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. श्रोता बाईच्या हातवाऱ्याला हसला तर त्याला काही कळले नाही. हातवारा कुणालाही कळतो. पण ती “पाऊस की वो!” म्हणाली, त्या शब्दाला हसला, तर त्याला लावणी कळली.

यात बाईच्या अब्रूचाही प्रश्न आहे, हे मात्र विसरू नये. १९५० च्या दशकात तमाशाचे बोल प्रयोगाआधी तपासून घेण्याची पद्धत मुंबई राज्यात सुरू झाली. तपासणाऱ्याच्या हाती येतो तो कागद. कागदावर पाऊस असतो, दिवा असतो, दार असते. दुसरा अर्थ कागदावर नसतो, तो थांबण्यात असतो, भुवईत असतो आणि समोरच्याच्या मनात असतो. म्हणून लेखणी एक तर सगळेच सोडते, नाही तर सगळेच खोडते. भाषांतर करणाऱ्याचेही तेच होते. तो दुसरा अर्थ नाव घेऊन सांगतो तेव्हा बाईच्या हातातली ढाल काढून घेतो. “मी तर पावसाचं बोलले” असे म्हणायची तिची सोय राहत नाही. मराठी न जाणणाऱ्या श्रोत्यासमोर ती उघडी पडते, आणि तो तिला निर्लज्ज समजून घरी जातो. त्या रात्री माझ्या शेजाऱ्यांनी मान फिरवली तो दोष तिचा नव्हता. सांगणाऱ्याचा, म्हणजे माझा होता.

पुढच्या साली पुन्हा मांडव पडला तेव्हा मी त्यांच्याच शेजारी बसलो. बाईने तसेच काहीसे म्हटले. या वेळी वारा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी एवढेच म्हटले, “बावला सांगते आहे. आणि आमच्यात वारासुद्धा पुरुष आहे.”

ते क्षणभर विचारात पडले. मग बाईने “वारा की वो!” म्हटले, आणि सारा मांडव हसून मोकळा झाल्यावर, जरा उशिराने, ते एकटेच हसले.